निवासी प्रशिक्षणातील अंशतः उपस्थितीची नोंद : आशा कार्यकर्तींच्या पाच दिवसांच्या एका फेरीचे प्रकरण

एका डोंगराळ तालुक्यात आशा कार्यकर्तींच्या निवासी प्रशिक्षणाची पाच दिवसांची एक फेरी झाली. तीस आशा होत्या, रोज दोन सह्या घेतल्या जात होत्या आणि फेरी संपल्यावर हजेरीपटावरच्या तीनशेच्या तीनशे सह्या पूर्ण होत्या. पुढे काही आठवड्यांनी आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी एक गटप्रवर्तक आपल्या भागातील एका आशेसोबत नवजात बाळाच्या गृहभेटीला गेली. आशेने स्प्रिंगच्या काट्याला झोळी अडकवली, झोळीत बाळ ठेवले आणि वजन वाचले अडीच किलो. गटप्रवर्तकाने बाळ आईच्या मांडीवर देऊन रिकामी झोळी पुन्हा काट्याला अडकवली, तेव्हा काटा शून्यावर नव्हता. वरचा स्क्रू फिरवून तो शून्यावर आणला आणि बाळ पुन्हा ठेवले, तर वजन दोन किलो चारशे ग्रॅम भरले. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे समजले जाते आणि त्याची ऊब व स्तनपान यांवर जास्त लक्ष ठेवावे लागते. शंभर ग्रॅमच्या झोळीमुळे हे बाळ कागदावर सामान्य ठरणार होते.

गटप्रवर्तकाने विचारल्यावर आशा म्हणाली, "ताई, काटा शून्यावर आणायचा हे मला कुणी दाखवलंच नाही." प्रशिक्षकाचे म्हणणे असे, की चौथ्या दिवशी दुपारनंतर पूर्ण सत्रभर हेच दाखवले होते आणि या आशेची त्या दिवशीची सही आहे. दोघांचेही म्हणणे खरे होते. ते कसे, हे शोधताना त्या फेरीचे सगळे कागद मी एकत्र पाहिले आणि उशिरा येणे व लवकर जाणे यांची नोंद कशी असावी, याचा विचार तिथून सुरू झाला.

आधी वेळापत्रक समजून घ्यावे लागेल. आशांच्या सहाव्या आणि सातव्या प्रशिक्षण पुस्तिकांचे प्रशिक्षण वीस दिवसांचे असते आणि ते पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत विभागलेले असते. ही त्यांपैकीच एक फेरी होती. दिवसाला दीड-दीड तासाची चार सत्रे होती : साडेनऊ ते अकरा, सव्वाअकरा ते पावणेएक, पावणेदोन ते सव्वातीन आणि साडेतीन ते पाच. म्हणजे पाच दिवसांत वीस सत्रे. याशिवाय पहिल्या चार दिवशी रात्री जेवणाआधी तासभर सराव होता. थर्मामीटर, घड्याळ, काटा, झोळी आणि बाहुली घेऊन आशा जोडीने बसत आणि दिवसा शिकलेले हाताने करून पाहत. प्रशिक्षण निवासी ठेवण्याचे खरे कारण हा सराव असतो, आणि नेमकी त्याचीच हजेरी कुठेही घेतली जात नव्हती.

हजेरीपट सकाळी एकदा आणि दुपारी एकदा फिरवला जाई. पहिल्या दिवशी तो दुपारी बाराच्या सुमारास फिरला, कारण त्याआधी सगळ्या जणी पोहोचलेल्याच नव्हत्या. दुपारचा पट रोज दोनच्या आसपास फिरे, म्हणजे त्यानंतर कोण किती वाजता निघाले याचा सहीशी काही संबंध उरत नसे. सहीचा अर्थ एवढाच होता, की पट फिरत असताना ही बाई खोलीत होती. पण कार्यालयात तोच पट अर्ध्या दिवसाची पूर्ण उपस्थिती म्हणून वाचला जात होता. यात कोणी खोटेपणा केला नव्हता. एका क्षणाच्या नोंदीवरून तीन-साडेतीन तासांचा निष्कर्ष काढला जात होता, एवढेच.

खरे काय घडले, ते इतर दोन ठिकाणी सापडले. वसतिगृहाच्या दारावर रखवालदाराची जाण्या-येण्याची वही होती आणि भोजनव्यवस्था पाहणाऱ्या बचत गटाकडे चहा-जेवणाचा रोजचा आकडा होता. पहिल्या दिवशी अकराच्या चहाला एकवीस कप गेले होते आणि दुपारच्या जेवणाला तीस ताटे. चौथ्या दिवशी रात्री एकोणतीस ताटे होती आणि पाचव्या दिवशी सकाळी नाश्तासुद्धा एकोणतीसच. पाचव्या दिवशी सव्वातीनच्या चहाला फक्त एकोणीस कप लागले. हजेरीपट खरा मानायचा की चहाचा हिशेब, असा प्रश्न आला तर मी चहाचा हिशेब खरा मानतो, कारण बचत गटाला त्या आकड्यावर बिल करायचे असते आणि आयोजकाला ते तपासून द्यायचे असते. दोघांचे हित जिथे एकमेकांविरुद्ध असते, तिथला आकडा सहसा बरोबर असतो.

रखवालदाराच्या वहीवरून तीन आशांच्या वेळा मी सविस्तर लिहून काढल्या. पहिली आशा सर्वांत लांबच्या पाड्यावरची. तिच्याकडून तालुक्याला येणारी सकाळची एसटीच अकराच्या पुढे पोहोचते, त्यामुळे पहिल्या दिवशी ती अकरा चाळीसला आत आली. दुसरी म्हणजे झोळीचे वजन न वगळणारी आशा. चौथ्या दिवशी तिच्या गावातील एका गरोदर महिलेला कळा सुरू झाल्या, घरच्यांचा फोन आला आणि ती तीन वाजून वीस मिनिटांनी निघाली. रात्र तिने त्या महिलेसोबत ग्रामीण रुग्णालयात काढली आणि पाचव्या दिवशी अकरा वाजता ती परतली. तिसरी आशा पाचव्या दिवशी दोन पंचावन्नला निघाली, कारण साडेतीनची एसटी चुकली तर घरी पोहोचायला तिला रात्र झाली असती. त्या दिवशी अशा अकरा जणी निघाल्या होत्या.

या वेळा सत्रांशी जुळवून पाहण्यासाठी आम्ही एक साधा नियम धरला. दीड तासाच्या सत्रात पंधरा मिनिटांपर्यंतची अनुपस्थिती सोडून द्यायची. त्याहून जास्त पण अर्ध्या सत्राच्या आतली असेल, तर त्या सत्राची उपस्थिती अर्धी धरायची, आणि अर्ध्याहून जास्त वेळ गेला असेल, तर ते सत्र मोजायचेच नाही. पंधरा मिनिटे ही मर्यादा कुठल्या शास्त्रातून आलेली नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटे बहुतेक सत्रांत उजळणीत आणि साहित्य वाटण्यात जातात, एवढाच तिला आधार आहे. मिनिटांवरून टक्केवारी काढण्याचा मोह मात्र टाळावा. दीड तासापैकी सत्तर मिनिटे म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के, अशा हिशेबात जी अचूकता दिसते, ती रखवालदाराच्या वहीत नसते.

पहिल्या आशेचे पहिले सत्र गेले आणि दुसऱ्यातील पंचवीस मिनिटे गेली, म्हणून ते अर्धे धरले. तिची उपस्थिती वीसपैकी साडेअठरा सत्रे, म्हणजे साडेब्याण्णव टक्के आली. तिसऱ्या आशेचे शेवटच्या दिवसाचे तिसरे सत्र वीस मिनिटांनी कमी झाले, म्हणून तेही अर्धे, आणि चौथे पूर्ण गेले. तिचीही बेरीज साडेअठरा आणि टक्केवारी साडेब्याण्णव. दुसऱ्या आशेची दोन सत्रे पूर्ण गेली, चौथ्या दिवसाचे शेवटचे आणि पाचव्या दिवसाचे पहिले, म्हणून अठरा सत्रे आणि नव्वद टक्के. प्रमाणपत्रासाठी ऐंशी टक्क्यांची अट लावली, तरी तिघीही सहज बसतात.

इथे थांबलो असतो तर एवढ्या कष्टाने काढलेल्या आकड्यांचा काहीच उपयोग झाला नसता. कारण कुठले सत्र गेले, हे पाहिल्यावर या तीन आकड्यांचे अर्थ पूर्ण वेगळे होतात. पहिल्या आशेच्या हातून ओळख, नियम आणि मागच्या फेरीची उजळणी गेली. मागच्या फेरीला ती पूर्ण वेळ हजर होती, त्यामुळे तिचे जवळपास काहीच बुडाले नाही. तिसऱ्या आशेची टक्केवारी तिच्याइतकीच आहे, पण पाचव्या दिवसाच्या शेवटच्या दोन सत्रांत तीन टेबलांवर प्रत्येकीची कौशल्य-चाचणी होती : ताप मोजणे, पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे आणि वजन करणे. ती पहिल्या दोन टेबलांवरून जाऊन निघाली होती. वजनाच्या टेबलावर तिचा रकाना कोरा होता. तो कोरा रकाना गुणपत्रकावर होता आणि पूर्ण उपस्थिती हजेरीपटावर होती, पण हे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याची पद्धतच नव्हती.

दुसऱ्या आशेच्या बाबतीत जास्त विचार करावा लागला. तिचे गेलेले सत्र म्हणजे नेमके काट्याचे सत्र होते आणि त्याच रात्रीचा सराव, जिथे ती जोडीदारणीकडून शिकू शकली असती, तोही गेला. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊला वजनाची उजळणी झाली, तेव्हा ती रुग्णालयातून निघतच होती. म्हणजे एकच कौशल्य दाखवले गेले, सरावले गेले आणि पुन्हा उजळले गेले, आणि त्या तिन्ही वेळी ती नव्हती. त्या दिवशी दुपारनंतरची चाचणी तिने दिली, पण बाहुली घेतलेल्या टेबलावर काटा आधीच शून्यावर आणून ठेवलेला होता, कारण तीस जणींना वेळ पुरावा म्हणून प्रशिक्षकांनी तशी सोय केली होती. चाचणीत ती उत्तीर्ण झाली. नव्वद टक्के उपस्थिती, उत्तीर्ण निकाल, आणि मूळ पायरी तिने एकदाही पाहिलेली नाही.

तिच्या जाण्याचे कारण निर्विवाद योग्य होते. प्रसूतीच्या वेळी गावातील महिलेसोबत असणे हे आशेचे कामच आहे आणि तिला प्रशिक्षणात अडकवून ठेवणे कुणालाही पटले नसते. म्हणूनच तालुक्याच्या बैठकीत एक सूचना अशी आली, की कामासाठी गेलेल्या आशेची उपस्थिती पूर्ण धरावी. सूचनेमागची भावना मला मान्य आहे, पण नोंद म्हणून ती चुकीची ठरली असती. कारण योग्य असल्याने बुडालेले सत्र शिकवले गेले असे होत नाही. जायचे कारण आणि गेलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या रकान्यांत राहिल्या पाहिजेत. वेळेच्या रकान्यात तीन वीस ते दुसऱ्या दिवशी अकरा, आणि कारणाच्या रकान्यात गावातील प्रसूती. भत्ता कापायचा की नाही, हे कारणाच्या रकान्यावरून ठरावे. पुन्हा काय शिकवायचे, हे वेळेच्या रकान्यावरून ठरावे.

भत्त्याचा मुद्दा इथे टाळता येत नाही, कारण नोंद खरी राहणार की नाही, हे त्यावरच अवलंबून असते. आशांना नियमित पगार नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांत गावातील काम आणि त्यावरचा मोबदला बुडतो, म्हणून दैनिक भत्ता त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे. पुढच्या फेरीच्या पहिल्या तुकडीत कार्यालयाने जाहीर केले, की उशिरा येणाऱ्या आणि लवकर जाणाऱ्या आशेचा अर्ध्या दिवसाचा भत्ता कापला जाईल. परिणाम दोन दिवसांत दिसला. वेळेच्या रकान्यात सगळ्यांचे येणे साडेनऊ आणि सगळ्यांचे जाणे पाच असे लिहिले जाऊ लागले. काही ओळी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात होत्या. नऊ बत्तीस, नऊ एक्केचाळीस, अकरा सात अशा विषम वेळा, ज्या खऱ्या नोंदीत हमखास असतात, त्या पूर्ण नाहीशा झाल्या. नोंदवही खरी आहे की भरलेली, हे ओळखण्याची ही पहिली खूण. दुसरी खूण चहाच्या कपांची.

दुसऱ्या तुकडीपासून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी हा नियम मागे घेतला. भत्ता हा मुक्काम आणि दिवस यांवर, जिल्ह्याच्या प्रचलित पद्धतीने मिळेल आणि वेळेची नोंद फक्त शिकण्यासाठी वापरली जाईल, असे त्यांनी पहिल्याच सत्रात स्वतः येऊन सांगितले. कुणी वारंवार आणि विनाकारण जात असेल, तर तो विषय तालुका समूह संघटकाने त्या आशेशी स्वतंत्र बोलून सोडवायचा, हजेरीच्या वहीतून नाही. विषम वेळा वहीत परत आल्या.

वहीचे स्वरूप आम्ही मुद्दाम लहान ठेवले. पूर्ण वेळ हजर असलेल्या आशेसाठी काहीच वेगळे लिहायचे नाही, तिच्या नेहमीच्या दोन सह्या पुरेशा आहेत. फक्त उशीर किंवा लवकर जाणे घडले, तरच एक ओळ लिहायची : नाव, दिवस, आल्याची किंवा गेल्याची वेळ, कारण, बुडालेले सत्र, आणि शेवटी ते कधी व कुणी भरून काढले. ओळ प्रशिक्षकाने लिहायची नाही, कारण तो शिकवत असतो आणि नंतर आठवून लिहिलेली वेळ नेहमी गोल आकड्यात येते. दारापाशी आळीपाळीने बसणारी गटप्रवर्तक ती घड्याळात पाहून तिथल्या तिथे लिहिते आणि आशा शेजारी सही करते. ही सही हजेरीची नसून वेळ मान्य असल्याची असते. त्यामुळे पुढे कुणी म्हणत नाही, की माझी वेळ तुम्ही मनाने लिहिली.

रात्रीच्या सरावाचे एक चौकोनी पान वेगळे केले. तिथे वेळ लिहीत नाहीत, कुठल्या जोडीने कोणते साधन किती वेळा हाताळले, त्याच्या खुणा असतात.

एक गोष्ट नोंदवायची नाही असेही ठरले. तुकडीत दोन-तीन आशा तान्ही बाळे घेऊन येतात आणि बाळ सांभाळायला सोबत आई किंवा सासू असते. बाळ रडले की आशा उठून शेजारच्या खोलीत जाते आणि पाजून येते. याची वेळ लिहायला सुरुवात केली, तर ती बाळाला भुकेले ठेवून बसेल किंवा पुढच्या फेरीला येणारच नाही. नवजात बाळाला वेळच्या वेळी पाजा, असे शिकवणाऱ्या वर्गात हे कसे चालेल? तिने नेमके काय चुकवले, हे तिची जोडीदारीण रात्रीच्या सरावात सहज सांगू शकते. याउलट खोलीत ताप येऊन झोपलेली आशा, जी आवारात आहे पण सत्रात नाही, तिची ओळ मात्र लिहायची. निवासी प्रशिक्षणात मुक्कामाची उपस्थिती आणि सत्राची उपस्थिती एकच समजण्याची चूक सर्वांत जास्त याच प्रसंगी होते, कारण तिचे ताट मोजलेले असते आणि तिची पिशवी खोलीत असते.

बुडालेले सत्र भरून काढले, तरी मूळ नोंद बदलायची नाही, हा नियम सुरुवातीला काही जणांना कडक वाटला. सरावाच्या वेळी गटप्रवर्तकाने काटा शिकवला, तर अर्ध्याचे एक करून टाकावे, असे त्यांचे म्हणणे होते. पण तसे केले, तर कुठल्या सत्रात किती जणी नव्हत्या, हेच पुसले जाते आणि पुढचे वेळापत्रक ठरवायला आधार राहत नाही. म्हणून उपस्थिती अर्धीच राहते आणि शेवटच्या रकान्यात तारीख व सही येते. प्रमाणपत्रासाठी टक्केवारीसोबत एकच अट वाढवली : काटा, ताप आणि श्वास या तीन सत्रांपैकी एखादे बुडाले असेल, तर त्याचा शेवटचा रकाना भरलेला हवा. चाचणीच्या टेबलावर आता काटा शून्यावरून हलवून ठेवला जातो आणि तो जागेवर आणणे हाच पहिला गुण असतो.

पुढच्या दोन तुकड्यांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर दिसले, की पहिल्या दिवशीचा उशीर आणि शेवटच्या दिवशीचे निघणे त्याच त्या दोन एसटी गाड्यांना बांधलेले आहे. अशी नोंद पाहून आशांना शिस्तीचे धडे देणे सोपे असते. पण तीसपैकी अकरा जणी एकाच गाडीसाठी उठत असतील, तर वेळापत्रक त्या गाडीप्रमाणे बसवणे हेच शहाणपणाचे आहे. पहिल्या दिवसाचे पहिले सत्र आता पावणेबाराला सुरू होते आणि त्याची भरपाई दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी पाऊण-पाऊण तास वाढवून होते. कौशल्य-चाचणी चौथ्या दिवशी दुपारी घेतात आणि पाचव्या दिवशी सकाळी, ज्यांची एखादी पायरी चुकली त्यांना पुन्हा बसवतात. पाचव्या दिवशी अडीचनंतर फक्त कागदपत्रे आणि भत्त्याच्या याद्या उरतात.

ज्या आशेपासून हे सुरू झाले, तिला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीनंतर गटप्रवर्तकाने थांबवून घेतले, काटा आणि रिकामी झोळी हातात दिली आणि शून्य करायला सांगितले. तिने तीन वेळा करून दाखवले. पाचव्या दिवशी लवकर गेलेल्या अकरा जणींपैकी नऊ जणींचे वजनाचे टेबल अशाच बैठकांमध्ये पूर्ण झाले. उरलेल्या दोघींच्या गावांत त्या महिन्यात प्रसूती होत्या, त्यामुळे त्या बैठकीला आल्या नाहीत. त्यांचे शेवटचे रकाने अजून कोरे आहेत आणि गटप्रवर्तकांच्या पुढच्या गृहभेटींच्या यादीत त्यांची नावे सर्वांत वर लिहिली आहेत.